दुकान वाढवताना

मराठीत दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. रात्री साडेनऊला शटर ओढणारा माणूस म्हणतो, "चला, दुकान वाढवतो आता." बांगडी फुटली तरी ती वाढवली म्हणायची, तसंच हे. जे संपतंय त्याला संपलं म्हणायचं नाही, म्हणजे उद्या ते परत सुरू होईल असा हिशेब.

अडचण येते ती दुकान खरंच संपतं तेव्हा. "दुकान वाढवतोय" असं लिहिलं तर लोकांना वाटतं, आज लवकर घरी निघाले वाटतं. "दुकान बंद आहे" अशी पाटी लावली तर वाटतं, गावी यात्रा असेल किंवा घरात कुणी गेलं असेल. आणि "दुकान कायमचं बंद" हे शब्द स्वतःच्या हातानं लिहायला तीस वर्षं गल्ल्यावर बसलेला कुठलाही दुकानदार धजावत नाही.

आमच्या निगडीत, यमुनानगरच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काकांचं असंच झालं. निरोप लिहायचा होता. त्यांच्या मुलानं एक मसुदा केला होता, तो काकांना पटत नव्हता. शेवटी मला बोलावणं आलं. कारण मी 'कंप्युटरवाला'. माझी नोकरी हिंजवडीत. गेली तीन वर्षं मी ज्या टीममध्ये आहे तिचं काम नवं काही बनवण्याचं नाही, जुन्या प्रणाली बंद करण्याचं आहे. एखादं सॉफ्टवेअर कायमचं बंद करायचं असेल तर ते वापरणाऱ्यांना काय, कधी आणि कुठल्या क्रमानं सांगायचं, हे मला पगार घेऊन शिकायला मिळालंय. पण किराणा दुकानाच्या निरोपात जे होतं, ते त्यात नव्हतं.

मुलाचा मसुदा वाईट नव्हता. तो चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत क्वालिटीत आहे, भाषा कामाची. पहिलं वाक्य होतं, 'सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की दुकान दि. ३१ मार्च रोजी कायमस्वरूपी बंद होत असून सर्वांनी आपली थकबाकी त्वरित भरावी.' काका म्हणाले, "हे लाइट बिलासारखं वाटतंय. आणि ३१ कशाला?"

तारखेपासूनच सुरुवात करू, कारण सगळं तिच्यावर उभं राहतं.

३१ मार्च ही तारीख हिशेबनिसाच्या सोयीची. वर्ष संपतं, वही संपते. पण आमच्याकडचं गिऱ्हाईक एप्रिल ते मार्च जगत नाही, ते पगार ते पगार जगतं. आकुर्डी, भोसरी, तळवडे, चाकण, जिथं कुठं माणूस कामाला असेल तिथला पगार साधारण सात ते दहा तारखेच्या दरम्यान होतो. कंत्राटी असेल तर आणखी दोन-चार दिवस पुढे. महिनाभर वहीवर माल न्यायचा आणि पगार झाला की वही साफ करायची, ही इथली पद्धत. ३१ तारखेला दुकान बंद केलं तर प्रत्येक खात्यावर अख्ख्या महिन्याचा माल चढलेला असतो आणि पैसे यायला आठवडा-दीड आठवडा बाकी असतो. म्हणजे वसुली दुकान बंद झाल्यावर. बंद दुकानाच्या पायरीवर पैसे द्यायला सहसा कुणी येत नाही. चुकवायचं म्हणून नव्हे, तर वाटेत दुकान लागतं म्हणून पैसे दिले जातात. वाट बदलली की पैसे राहतात.

म्हणून काकांनी १५ मार्च धरली. निरोप २० फेब्रुवारीला. १ मार्चपासून नवी उधारी नाही, फक्त रोख. फेब्रुवारीचा माल मार्चच्या पगारातून फिटेल आणि उशिरा पगार होणाऱ्यांनाही एक-दोन दिवस हातात राहतील.

मग चोवीस दिवस हे कमी नाहीत का, असं मी विचारलं. आमच्या धंद्यात मुदत महिन्यांत मोजतात. ऑर्कुट आठवत असेल. ३० जून २०१४ ला गूगलनं सांगितलं की ३० सप्टेंबरला ते बंद होईल. तीन महिने. आणि त्यानंतरही सप्टेंबर २०१६ पर्यंत लोकांना आपले फोटो आणि पोस्ट उतरवून घेता येणार होत्या. दुकानांचंही असं उदाहरण आहे. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस होतं, गाण्यांच्या कॅसेट-सीडीचं. ते बंद होणार हे २०१५ मध्येच लोकांना कळलं होतं आणि शटर पडलं ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. फोर्टमधलं स्ट्रँड बुक स्टॉल टी. एन. शानभागांनी १९४८ मध्ये सुरू केलं होतं, ते फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झालं. तिथं शेवटच्या दिवसांत सवलतीतली पुस्तकं घ्यायला आणि दुकान एकदा बघून घ्यायला जुने वाचक आले.

काका म्हणाले, "पुस्तक सडत नाही रे."

हा फरक मोठा आहे. पुस्तकांच्या किंवा गाण्यांच्या दुकानात बंद होण्याची बातमी गिऱ्हाईक ओढते. माल टिकाऊ असतो, एकदाच घ्यायचा असतो, रिकामं होत जाणारं कपाटही लोकांना बघायचं असतं. किराण्यात बातमी गिऱ्हाईक घालवते. आज डाळ आहे आणि उद्या नसेल असं कळलं की माणूस आठवडाभर थांबत नाही, तो पुढच्या महिन्याची सगळी यादी आत्ताच दुसऱ्या दुकानात देतो. आणि दुकानदारही नवा माल भरत नाही, त्यामुळे पंधरा दिवसांत फळ्या विरळ दिसायला लागतात. तीन महिन्यांची मुदत दिली असती तर त्यातले दोन महिने काका रिकाम्या बरण्यांसमोर बसले असते, भाडं भरत.

मुदतीत आणखी एक धोका असतो, तो म्हणजे तारीख फिरण्याचा. ग्रँट रोड स्टेशनजवळचं बी. मेरवान हे १९१४ सालचं इराणी हॉटेल. मार्च २०१४ मध्ये बातमी पसरली की ते महिनाअखेर कायमचं बंद होतंय. मावा केकसाठी लोकांनी रांगा लावल्या, हळहळले, वर्तमानपत्रांत लिहून आलं. आणि थोड्याच दिवसांत हॉटेल पुन्हा उघडलं. लोकांना आनंदच झाला म्हणा. पण असा आनंद शंभर वर्षांच्या हॉटेलच्या वाट्याला येतो. कोपऱ्यावरच्या दुकानानं 'कायमचं' म्हणून परत शटर उघडलं तर जे पैसे देऊन गेले त्यांना वाटेल, वसुलीसाठी नाटक होतं. म्हणून तारीख एकदाच सांगायची आणि पाळायची. काकांनी जागेच्या मालकाला लेखी दिल्याशिवाय निरोपाला हात लावू दिला नाही.

कारण गिऱ्हाईक हे निरोप ऐकणारं पहिलं माणूस नसतंच. आधी दुकानातला पोरगा, ज्याची नोकरी जाणार होती. त्याला जानेवारीतच सांगितलं आणि त्याच गल्लीतल्या डेअरीत चिकटवून दिलं. मग जागामालक, कारण भाड्याचं डिपॉझिट त्याच्याकडे. मग एजन्सीवाले. हा क्रम चुकला तर काय होतं हे काकांनी दुसऱ्याच्या दुकानात पाहिलं होतं. आधी गिऱ्हाइकांना कळलं, त्यांच्यातून बिस्किटाच्या सेल्समनला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी सहा एजन्सीवाले बिलं घेऊन दारात. कुणी माल टाकेना, सगळ्यांना रोख हवी. गल्लीत झालं की शेठ बुडाला. तो बुडाला नव्हता, त्याच्या पायांनी काम सोडलं होतं एवढंच.

एजन्सीचा हिशेब सरळ नसतो. मुदत संपलेला, फुटलेला माल दुकानदार परत देतो आणि एजन्सी पुढच्या बिलात तेवढी रक्कम वळती करते. पुढचं बिल येणारच नसेल तर वळती कशात करणार? त्यामुळे शेवटचं बिल घ्यायच्या आधीच सगळा खराब माल बाहेर काढावा लागतो. कोल्ड्रिंकचा फ्रीज कंपनीचा, दुधाचे क्रेट डेअरीचे, ते मोजून परत. जीएसटी नोंदणी असेल तर ती रद्द करण्याचा अर्ज आणि नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत शेवटचं विवरणपत्र, त्यात उरलेल्या मालाचा हिशेब. हे सगळं निरोपात लिहायचं नसतं. पण हे झालेलं नसेल तर निरोपातलं एकही वाक्य खरं ठरत नाही.

आता उधारी.

इथं माझंही घर येतं. माझे वडील भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वर्कशॉप बंद, पगार बंद, आणि मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. चार महिने आमच्याकडे जे शिजलं ते काकांच्या वहीवर. आमच्या पानावर तेवीस हजारांच्या आसपास आकडा गेला होता. आई दर आठवड्याला यादी छोटी करायची, आणि काका पिशवीत यादीत नसलेलं काहीतरी टाकून ते लिहायचे मात्र बरोबर. फुकट दिलं नाही. "लिहिलंय बरं का," असं मोठ्यानं सांगायचे. आईला त्याचंच बरं वाटायचं. ते पान माझ्या पहिल्या पगारापासून सात महिन्यांत मिटलं. तेव्हा 'थकबाकी त्वरित भरावी' हे वाक्य माझ्या बोटांनी टाइप होणं कठीण होतं. पण भावनेनं वही मिटत नाही. आकडे बघायलाच हवे होते.

आम्ही एका रविवारी दुपारी वही घेऊन बसलो. उघडी पानं एकसष्ट, एकूण येणं एक लाख बेचाळीस हजार. काकांनी पानं तीन गठ्ठ्यांत लावली, मला न विचारता, पत्ते वाटावेत तशी.

पहिला गठ्ठा चालू खात्यांचा. अडतीस पानं, चौऱ्याण्णव हजार. ही दर महिन्याला मिटणारी माणसं. यांना काही सांगायचीच गरज नव्हती, फक्त तारीख आणि आपला आकडा कळायला हवा. दुसरा गठ्ठा रेंगाळलेल्यांचा. चौदा पानं, एकतीस हजार. पाचशे-पाचशे देत राहणारे, मध्ये दोन महिने गायब होणारे. तिसरा गठ्ठा नऊ पानांचा, सतरा हजार. यातली शेवटची नोंद तीन वर्षांहून जुनी.

तीन वर्षं या आकड्याला कायद्यातही अर्थ आहे. विकलेल्या मालाच्या पैशासाठी कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. त्या मुदतीत देणेकऱ्यानं सहीनिशी 'एवढं देणं आहे' असं लिहून दिलं तर मुदत तिथून पुन्हा मोजली जाते. किराण्याच्या वहीवर सही कुणाची नसते, तिथं फक्त काकांचं अक्षर असतं. अर्थात दोन हजारांसाठी कोर्टात जाणारा किराणा दुकानदार मी पाहिलेला नाही. काकांना कायदा माहीत नव्हता, पण गठ्ठा त्यांनी बरोबर तिथंच तोडला. "तीन दिवाळ्या वही बदलली आणि हे पान मी नव्या वहीत उतरवत राहिलो," ते म्हणाले, "ते माझ्या समाधानासाठी होतं."

ठरलं ते असं. सगळ्यांना जाणाऱ्या निरोपात उधारीचा आकडा नाही, नाव नाही, 'थकबाकी' हा शब्दही नाही. पहिल्या गठ्ठ्याला प्रत्येकाच्या पिशवीतून चिठ्ठी, आकडा लिहिलेली. दुसऱ्या गठ्ठ्याला काका स्वतः फोन करणार, संध्याकाळी, माणूस घरी एकटा असेल अशा वेळी, आणि विचारणार की किती जमेल. तिसऱ्या गठ्ठ्याला काहीच नाही. त्यांनाही तोच निरोप जाईल जो सगळ्यांना जातोय.

मुलाला हे पटलं नाही. तो म्हणाला, "बाबा, सतरा हजार सोडले?" काका म्हणाले, "सोडले नाहीत. मागितले नाहीत."

मग त्यांनी आतून दुसरी वही आणली, छोटी, लाल पाठकोऱ्या कागदांची. त्यात लोकांचं दुकानाकडे काय आहे ते लिहिलेलं होतं. हे मला ठाऊकच नव्हतं. समोरच्या बिल्डिंगमधले एक आजोबा पेन्शन आली की हजार रुपये आगाऊ ठेवायचे, त्यातले चारशे तीस शिल्लक. कुणाचे सुट्टे नव्हते म्हणून राहिलेले सत्तर. कुणी लग्नासाठी साखरेचे पैसे देऊन ठेवलेले, लग्न पुढे गेलेलं. अकरा नावं, सहा हजार आठशे पन्नास रुपये. त्याशिवाय वस्तू. तीन घरांच्या किल्ल्या, कामवाल्या ताईंसाठी ठेवलेल्या. एक कुरिअरचं पार्सल. दोन छत्र्या. एक हेल्मेट.

"हे आधी लिही," काका म्हणाले.

निरोप कशासाठी असतो ते मला तिथं कळलं. माझ्या कामात आम्ही 'तुमचा डेटा या तारखेपर्यंत उतरवून घ्या' असं लिहितो आणि ते नेहमी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात असतं. काकांनी ते पहिल्या ओळीत नेलं. दुकानाचं लोकांकडे काय आहे हे नंतर, आधी लोकांचं दुकानाकडे काय आहे ते. ज्याला आपल्या चारशे तीस रुपयांची आठवण दुकानदार स्वतःहून करून देतो, त्याला आपल्याकडचं देणं आठवायला वेगळं वाक्य लागत नाही.

शेवटी निरोप असा झाला.

॥ श्री ॥
नमस्कार. यमुनानगरचं आपलं किराणा दुकान १५ मार्चला रात्री कायमचं बंद करत आहे. गुडघ्यांमुळे आता उभं राहवत नाही, दुसरं काही कारण नाही.
ज्यांचे पैसे, किल्ली, पार्सल किंवा इतर वस्तू दुकानात आहे त्यांनी १५ तारखेच्या आत घेऊन जावी. येणं जमत नसेल तर कळवा, घरी पोचवतो.
१ मार्चपासून माल फक्त रोख मिळेल. आपला हिशेब दुकानात कधीही बघायला मिळेल.
दूध कोपऱ्यावरच्या डेअरीत सांगून ठेवलं आहे, १६ तारखेपासून ते घरपोच देतील. गिरणी चालू राहील.
हा फोन आणि पैसे पाठवायचा क्यूआर ३० जूनपर्यंत चालू आहे.
एकतीस वर्षं आमच्याकडून माल नेलात, वजनात किंवा बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या.

'कायमचं बंद' हे शब्द लिहिताना ते थांबले. मी म्हणालो, 'वाढवतोय' लिहू का? ते म्हणाले, "नको. परत येऊन शटर वाजवतील." कारणाची ओळ त्यांनी मुद्दाम ठेवली. कारण सांगितलं नाही तर लोक आपापलं कारण शोधतात, आणि ते नेहमी कर्जाचं असतं. क्यूआरची ओळ माझी. दुकानाच्या चालू खात्याला तो जोडलेला असतो. खातं बंद केलं की भिंतीवरच्या कागदावर पैसे पाठवले तरी जात नाहीत, त्यामुळे ते खातं सगळ्यात शेवटी बंद करायचं असं ठरलं. नाहीतर उशिरा शहाणपण सुचलेल्या गिऱ्हाइकाला पैसे द्यायला जागाच उरत नाही.

मग पाठवणं. काकांच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांचे चारशेच्या वर नंबर. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, म्हणून दोन याद्या केल्या. पाठवलं. काका खूश झाले, मी संध्याकाळी परत गेलो आणि निरोप दाबून धरून त्याची माहिती उघडली. कुणी वाचला, कुणाला पोचला आणि कुणाला पोचायचा राहिला, हे तिथं दिसतं. दीडशेच्या वर नावं राहिलेल्यांत होती.

याचं कारण तांत्रिक आहे आणि साधं आहे. ब्रॉडकास्ट फक्त त्याच माणसाला पोचतो ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला असतो. फोनवर ऑर्डर देणाऱ्या नव्या सोसायटीतल्या लोकांनी काकांचा नंबर ठेवला होता, कारण त्यांना तो लागायचा. राहिलेल्या नावांत मात्र तीस वर्षं रोज दारात येणारी माणसं होती. त्यांना काकांचा नंबर कशाला लागणार? खिडकीतून हाक मारली की भागायचं. ज्यांचं दुकानाशी नातं सगळ्यात जुनं, नेमकं त्यांनाच निरोप मिळाला नव्हता.

त्यांच्यासाठी कागद. तोच मजकूर मोठ्या अक्षरांत छापून शटरच्या बाजूला चिकटवला, शटरवर नाही. शटरवरचा कागद दिवसभर वर गुंडाळलेला राहतो आणि दुकान बंद झाल्यावरच दिसतो. दुसरा कागद वजनकाट्याच्या शेजारी, जिथं माणूस सुटे पैसे मोजत अर्धा मिनिट थांबतो. आणि सकाळी सहाच्या आधी, चाकणच्या कंपनीच्या बससाठी निघालेले लोक बिस्किटाचा पुडा घ्यायला थांबतात, त्यांना काका तोंडानं सांगत होते. पहिल्या शिफ्टची माणसं पाटी वाचत नाहीत, अंधार असतो.

पंधरा तारखेपर्यंत काय झालं ते आकड्यांतच सांगतो. चालू खात्यांची अडतीसपैकी छत्तीस पानं मिटली. रेंगाळलेल्या चौदांपैकी आठ मिटली, त्यात एका ताईंनी पैशांऐवजी अर्धी रक्कम आणि पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा दिल्या होत्या, त्या तारखा त्यांनी पाळल्या. ज्या नऊ जणांकडे मागितलंच नव्हतं, त्यातला एक आला. बाराशे रुपये घेऊन. तो आता मोशीला राहतो, निरोप त्याला त्याच्या मेव्हण्याकडून कळला. एकूण एक लाख दहा हजारांच्या वर जमले, एकतीस हजार राहिले. मुलाचा मसुदा पाठवला असता तर जास्त जमले असते का, हे मी सांगू शकत नाही. पण जे राहिले त्यातल्या कुणाला काका रस्त्यात दिसले तर तोंड फिरवावं लागत नाही, कारण त्यांच्याकडे चारचौघांत कुणी मागितलेलं नाही. काकांना पुढची वर्षं याच गल्लीत काढायची आहेत. निरोप लिहिताना त्यांनी हा हिशेब आधी केला होता.

दुकानाकडचं देणं मात्र पूर्ण मिटलं, एक वस्तू सोडून. आजोबांचे चारशे तीस काकांनी जिना चढून नेऊन दिले, त्या गुडघ्यांनी. लग्नाच्या साखरेचे पैसे परत गेले. पार्सल ज्याचं होतं तो विसरूनच गेला होता. तिसरी किल्ली तेवढी राहिली. ज्यांची ती आहे ते कुटुंब घर भाड्यानं देऊन गेलं आणि नवीन भाडेकरूनं कुलूप बदललं. आता ती कशालाच लागत नाही. तरी ३० जून उलटून गेल्यावरही काकांनी फोन नंबर बदललेला नाही, आणि किल्लीला बांधलेल्या चिठ्ठीवर फ्लॅट नंबर त्यांच्या अक्षरात तसाच आहे.